न सांगता येणारे दुःख कसे लिहावे



घरातले माणूस गेले की पुढच्या दिवसांना एक ठरलेले वळण असते. दफन होते, नातेवाईक येतात, शेजारून जेवणाचे डबे येतात. शरीअतने बाह्य शोकालाही मुदत घालून दिली आहे. इतर नातेवाइकांसाठी तीन दिवस, आणि पतीच्या निधनानंतर पत्नीसाठी चार महिने दहा दिवसांची इद्दत. मुदत संपते, दुकान उघडते, मुले शाळेत जाऊ लागतात. घर पुन्हा चालू होते.

आणि मग आठ-दहा वर्षांनी एखाद्या साध्या मंगळवारी, भाजी निवडताना किंवा बँकेच्या रांगेत उभे असताना, तेच दुःख पहिल्या दिवसाच्या जोराने अंगावर येते. त्या दिवशी ईद नसते, बरसी नसते, कुणी त्या माणसाचा विषयही काढलेला नसतो. हातातले काम थांबते. बाजूच्याला काय सांगावे कळत नाही, कारण सांगण्यासारखे काही घडलेलेच नसते.

या सदरात आपण घरच्या लिखाणाबद्दल बोलत असतो. आज असा दिवस कागदावर कसा उतरवायचा, एवढेच पाहू. पण त्याआधी एका शंकेचे उत्तर द्यावे लागेल, कारण तिच्यामुळे पुष्कळ जण लिहायलाच बसत नाहीत. इतक्या वर्षांनी डोळे भरून येणे म्हणजे सब्र कमी पडला का?

बद्रच्या लढाईनंतरचा प्रसंग आठवा. साल हिजरी 2, म्हणजे इ.स. 624. मक्केचे कैदी मदिनेत होते आणि त्यांना सोडवण्यासाठी मक्केहून खंडणी येत होती. कैद्यांमध्ये प्रेषित मुहम्मद (स.) यांचे जावई अबुल आस हेही होते. त्यांच्यासाठी हजरत जैनब (रजि.) यांनी जे पाठवले, त्यात एक गळ्यातला हार होता. तो हार हजरत खदीजा (रजि.) यांचा. जैनब यांच्या लग्नात आईने तो मुलीला दिला होता. हजरत खदीजा यांना जाऊन तेव्हा सुमारे पाच वर्षे झाली होती. मधल्या काळात हिजरत झाली, नवे शहर, नवी जबाबदारी, नुकतीच एक लढाई. समोर कैद्यांच्या हिशेबाचे काम चालले होते. त्या कामात हार समोर आला आणि प्रेषितांचे अंतःकरण भरून आले. त्यांनी सहकाऱ्यांना विचारले की, तुम्हाला योग्य वाटत असेल तर तिचा कैदी सोडा आणि तिची वस्तू तिला परत करा. सहकाऱ्यांनी ते मान्य केले. ही हकिकत हजरत आयशा (रजि.) यांच्याकडून ‘सुनन अबू दाऊद’मध्ये आली आहे.

यात शंकेचे उत्तर आहे. वर्षांनंतर मन भरून येणे ही बेसब्री नाही. तक्रार नव्हती, आक्रोश नव्हता, काम अर्धवट सोडलेले नव्हते. एक वस्तू समोर आली आणि मन हलले, एवढेच घडले.

आता कारणाकडे येऊ, कारण ते समजल्याशिवाय लिहिता येत नाही. कब्रस्तानात आपण ठरवून जातो. भिंतीवरचा फोटो रोज दिसतो. वारंवार पाहिल्याने, वारंवार बोलल्याने या गोष्टींची धार बोथट होत जाते. ही सवयच आपल्याला जगू देते. पण काही गोष्टी त्या माणसानंतर कुणी हाताळलेल्याच नसतात. तळाशी पडलेली एखादी पेटी, एक विशिष्ट हाक, कडुनिंबाच्या पाल्याचा धूर, पावती लिहिण्याची एक पद्धत. त्यांच्यापर्यंत सवय पोहोचलेली नसते. म्हणून त्या अचानक समोर आल्या की त्यांच्यात दुःख जसेच्या तसे सापडते, जणू काल ठेवले होते. शिवाय वर्षश्राद्ध असो की बरसी, अशा दिवशी आपण मनाची तयारी करून बसतो. मंगळवारी कोण तयारी करतो?

यावरून लिहिणाऱ्याला मुख्य गोष्ट मिळते. अशा दिवसाचे लिखाण दुःखापासून सुरू होऊ शकत नाही, कारण तो दिवस दुःखापासून सुरू झालेला नसतो. तो कामापासून सुरू झालेला असतो.

आणखी एक हदीस पाहा. ती ‘बुखारी’ आणि ‘मुस्लिम’ या दोन्ही संग्रहांत आहे आणि हजरत आयशा यांच्याच तोंडची आहे. हजरत खदीजा यांच्या बहीण हाला एकदा मदिनेत आल्या आणि दाराशी उभ्या राहून त्यांनी आत येण्याची परवानगी मागितली. प्रेषितांना त्या मागण्यात खदीजांची परवानगी मागण्याची ढब ऐकू आली. ते एकदम हलले, आणि मग म्हणाले की ही हाला असावी. सांगणाऱ्या आयशा आपल्याला त्या क्षणी असूया वाटली हेही लपवत नाहीत. हकिकत एवढीशीच आहे. त्यात ‘बहिणीला पाहून पत्नीची आठवण आली’ असे ढोबळ काही नाही. दार अजून उघडलेले नाही, चेहरा दिसलेला नाही. नेमकी गोष्ट सांगितली आहे: परवानगी मागण्याची ढब. दोन बहिणी एकाच घरात वाढल्या की बोलण्याची लकब सारखी होते, हे आपल्यालाही माहीत आहे. म्हणून ती हकिकत चौदाशे वर्षांनंतरही ऐकणाऱ्याला पटते.

आता हे आपल्या घरात आणू. पुढचे उदाहरण कुणा एका घराचे नाही. मी ते रचले आहे, पण भंडाऱ्याच्या अनेक घरांत ते घडू शकेल. भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी ओळखला जातो. जुन्या घरांत लग्नात मिळालेला पितळी गंज अजून माळ्यावर असतो, आणि त्यावर छिन्नीने टिंबे पाडून नाव आणि साल घातलेले असते. समजा, तुमसरच्या एका बाईंनी रमजानच्या आधी असा गंज कल्हईला काढला. तो त्यांच्या अम्मीचा. अम्मीला जाऊन अकरा वर्षे झाली. बाई घरी येऊन लिहायला बसतात. पहिला मसुदा बहुतेक असा होतो:

“आज अम्मीची खूप खूप आठवण आली. आई म्हणजे मायेचा सागर. आईविना घर सुने असते. कल्हईवाल्याकडे तिचा गंज पाहिला आणि माझ्या काळजाचे पाणी पाणी झाले. आभाळही जणू रडत होते. काळ कितीही जावो, आईची जागा कुणी घेऊ शकत नाही.”

यात खोटे काही नाही. पण वाचणाऱ्याला काहीच होत नाही, आणि ते का, हे नीट पाहायला हवे. पहिल्याच वाक्यात बातमी फुटली. बाईंना अंदाज नव्हता, वाचणाऱ्याला मात्र आधीच सांगून ठेवले. मग अचानकपणा उरला कुठे? दुसरे असे की, इथे कुणाचीही आई बसवता येते. शेजारणीने हाच परिच्छेद आपल्या आईसाठी वापरला तर एक शब्द बदलावा लागणार नाही. ही परीक्षा घरी करून पाहा. जो मजकूर शेजारच्या माणसालाही जसाच्या तसा लागू पडतो, त्यात आपले माणूस नसते. तिसरे म्हणजे, ज्या एका गोष्टीने हे सगळे घडवले, तो गंज, एका वाक्यात निघून गेला. त्यावर काय होते, कुणी काय म्हटले, ते राहूनच गेले.

आता त्यांना प्रश्न विचारायचे. हातात काय होते? दळणाचा डबा. कुठे निघाला होता? चक्कीवर, ती साडेबाराला बंद होते. कल्हईवाला काय करत होता? गंजाची बाहेरची काजळी घासत होता. मग काय झाले? त्याला टिंबांचे नाव दिसले, त्याने ते मोठ्याने वाचले. तुम्ही काय म्हणालात? इथे बाई थोडा वेळ गप्प राहतात आणि मग सांगतात. दुसरा मसुदा असा होतो:

“रमजानला आठ दिवस होते. स्टीलच्या पातेल्यात सगळ्यांची खीर मावत नाही म्हणून मोठा गंज माळ्यावरून काढला आणि चौकातल्या कल्हईवाल्याकडे नेला. हातात दळणाचा डबाही होता. चक्की साडेबाराला बंद होते, म्हणून मी त्याला म्हटलं, लवकर करा. तो म्हणाला, काजळी फार आहे, आधी घासावं लागेल. त्याने गंज उलटा केला आणि चिंच-वाळूने घासू लागला. काठाखाली पिवळं पितळ दिसायला लागलं. घासता घासता तो थांबला आणि अक्षर-अक्षर लावत त्याने एक नाव वाचलं. मग साल वाचलं, 1981. म्हणाला, हे तुमचंच नाव काय जी?

मी हो म्हटलं.

मग त्याने भाता मारला, नवसागर टाकला, पांढरा धूर उठला. कथील लावून कापसाने आतून फिरवलं. गंज आरशासारखा झाला. मी पैसे दिले. ते अम्मीचं नाव होतं. आम्ही तिला अम्मी म्हणायचो, मुलं नानी म्हणायची, अब्बा कधी नावाने हाक मारत नसत. ती गेल्यापासून अकरा वर्षांत ते नाव कुणी माझ्यासमोर उच्चारलं नव्हतं. चक्कीवर गेले तेव्हा ती बंद झाली होती.”

दोन्ही मसुद्यांत घटना एकच आहे. दुसऱ्यात ‘आठवण’, ‘दुःख’, ‘अश्रू’ यांपैकी एकही शब्द नाही, तरी वाचणारा त्या ‘हो’पाशी थबकतो. बाईंनी ‘हो’ का म्हटले, हे लिहिलेले नाही आणि लिहूही नये. कदाचित दुसरे काही बोलता आले नसते म्हणून, कदाचित ते नाव परक्याच्या हाती द्यायचे नव्हते म्हणून. त्यांना स्वतःलाही ते पक्के माहीत नसेल. जे त्या क्षणी माहीत नव्हते, ते नंतर कागदावर शहाणपणाने भरू नये.

रचना कशी झाली तेही पाहा. आधी काम, आणि त्या कामाला स्वतःचे प्रयोजन आहे: खीर, दळण, चक्कीची वेळ. मग ती एक गोष्ट, नेमक्या रूपात: काठाखालची टिंबे, परक्याच्या तोंडून अक्षरे लावत आलेले नाव. मग त्या क्षणी प्रत्यक्ष काय केले किंवा म्हटले. कोण गेले, किती वर्षे झाली, हे त्यानंतर, एकदाच आणि साध्या वाक्यात. शेवटी पुन्हा तोच दिवस, कारण दिवस थांबलेला नव्हता. चक्की बंद झाली एवढ्यावरून बाई तिथे किती वेळ उभ्या राहिल्या, हे वाचणाऱ्याला कळते.

यात सर्वांत अवघड असते ते शेवटी थांबणे. आपला हात सवयीने एक दिलासा लिहायला जातो: ‘पण आई माझ्यासोबत सदैव आहे’, ‘अल्लाहची मर्जी’. अल्लाहच्या मर्जीवर आपला विश्वास आहेच, आणि मगफिरतची दुआ जरूर करावी. पण ती जानमाजवर मनापासून करावी. लिखाण गुंडाळण्यासाठी वापरू नये. दिलाशाचे वाक्य खरे आहे की सवयीचे, हे ओळखण्याची एक खूण आहे. ते काढून टाका आणि पुन्हा वाचा. काही कमी झाले नाही, तर ते सवयीचे होते.

असे दुःख नेहमी जुन्या वस्तूतूनच येते असे नाही. 9 जानेवारी 2021 रोजी पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बालकांच्या विभागाला आग लागली आणि दहा बाळे गेली. जिल्हा हे विसरलेला नाही आणि 9 जानेवारी आली की ते पुन्हा बोलले जाते. त्या आईवडिलांच्या मनात काय चालते, हे मी सांगू शकत नाही, आणि त्यांच्या वतीने कुणी लिहूही नये. पण तान्हे मूल गमावलेली घरे आपल्या प्रत्येकाच्या नात्यात असतात, आणि त्यांना एक वेगळी अडचण असते. तान्ह्या बाळाच्या मागे वस्तू फारशा उरत नाहीत. त्याची ढब नसते, बोल नसतात, कधी नावही ठेवलेले नसते. मग दुःख कोणत्या दाराने येते? पुष्कळदा ते पुढून येते. 2021च्या जानेवारीत जन्मलेले मूल आता शाळेच्या वयाचे असते. गल्लीतले त्याच वयाचे पोर दप्तर घेऊन निघते. रेशनच्या किंवा शाळेच्या अर्जात ‘एकूण अपत्ये’ असा रकाना येतो आणि पेन तिथे थांबते.

असे लिहायचे असेल तर तो रकानाच लिहावा. अर्ज कशाचा होता, पेन कुणाचे होते, मागे रांगेत किती जण होते, शेवटी कोणता आकडा लिहिला. घडलेल्या गोष्टींपेक्षा न घडलेल्या गोष्टींबद्दल लिहिताना कल्पना सैल सुटते. ‘तो डॉक्टर झाला असता’ असे लिहिले जाते. तिथे सांभाळावे. त्या दिवशी प्रत्यक्ष जे समोर होते, तेवढेच लिहिले तर पुरते.

आता कामाची रीत. ज्या दिवशी हे घडते, त्या दिवशी लिहू नका, फक्त टिपून ठेवा. वहीच्या मागच्या पानावर पाच गोष्टी पुरेत: किती वाजले होते, हातात काय होते, सोबत कोण होते, कोणते शब्द बोलले गेले, आणि त्यानंतर लगेच तुम्ही काय केले. भावना टिपण्याची गरज नाही, ती हरवत नाही. हरवतात ते तपशील. दोन-चार दिवसांत मन घटनेला नीटनेटकी करू लागते, कल्हईवाल्याचे बोलणे गाळते, त्या जागी सुंदर वाक्य ठेवते. टिपण हाताशी असले की ते वाक्य खोटे असल्याचे लगेच कळते. आठवड्याभराने, घर शांत असताना, त्या टिपणावरून लिहा. एक पान झाले की थांबा. त्या माणसाचे सगळे आयुष्य याच पानात बसवू नका. ते वेगळे लिखाण आहे.

एक मर्यादाही लक्षात ठेवा. इथे ज्याबद्दल बोललो ते दुःख येते आणि तासा-दोन तासांत, फार तर दिवसभरात ओसरते. माणूस पुन्हा स्वयंपाकाला, दुकानाला लागतो. तसे होत नसेल, आठवडेच्या आठवडे झोप आणि जेवण तुटले असेल, जगण्यातच अर्थ वाटेनासा झाला असेल, तर वही पुरी पडणार नाही. डॉक्टरांना भेटा, किंवा सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेला 14416 या क्रमांकावर फोन करा. मराठीतही बोलता येते.

लिहून झाले की ते पान भावंडांपैकी एकाला वाचून दाखवा. बहुधा ते मधेच अडवतील. “साल 1981 नाही, 1979 असेल,” म्हणतील, किंवा “तो गंज नानीकडून आलेला नव्हता, अम्मीने स्वतः घेतला होता.” आपले पान लगेच खोडू नका आणि त्यांच्याशी वादही घालू नका. गंज उतरवून साल तपासता येईल. बाकीचे त्यांच्या शब्दांत, त्यांच्याच हाताने, खाली लिहून घ्या. एकाच माणसाचे दुःख दोन भावंडांकडे दोन वेगळ्या दारांनी येते. ती दोन्ही दारे एका पानावर आली, तर ज्या नातवंडांनी नानीला पाहिलेले नाही, त्यांना तिचे नाव निदान वाचता येईल.